बारा पदार्थ, चोवीस महिने : एकच रेषालेख की छोट्या आलेखांची मांडणी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांतील दुकानदारांचे विक्रीचे हिशेब आलेखांत मांडून देण्याचे काम मी करतो. त्या कामात पुन्हा पुन्हा समोर येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सर्व उत्तरांसाठी एकच उदाहरण घेतले आहे : बेळगावच्या शहापूर भागातील मिठाई आणि दुग्धपदार्थांचे एक दुकान, बारा पदार्थ, आणि एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ या चोवीस महिन्यांची किलोमधील मासिक विक्री. विक्रीचे आकडे समजावण्यासाठी सोपे करून घेतले आहेत. सणांच्या तारखा मात्र पंचांगातल्याच आहेत.

प्रश्न : छोट्या आलेखांची मांडणी म्हणजे नेमके काय?

एकाच मापाचे, एकाच धाटणीचे अनेक लहान आलेख ओळीने मांडायचे आणि प्रत्येकात एकच पदार्थ दाखवायचा, एवढीच ही कल्पना आहे. इंग्रजीत तिला ‘स्मॉल मल्टिपल्स’ म्हणतात आणि हे नाव अमेरिकन अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांच्यामुळे रूढ झाले. यातला प्रत्येक लहान आलेख म्हणजे एक चौकट. पहिली चौकट वाचायला जो वेळ लागतो तेवढाच. पुढच्या चौकटींत अक्ष, मापे आणि कालावधी तेच असल्यामुळे डोळ्याला फक्त रेषेचा आकार टिपायचा असतो.

प्रश्न : बारा रेषा एकाच आलेखात काढल्या तर काय बिघडते? रंग तर वेगवेगळे असतात.

रंगांवरच पहिला घोटाळा होतो. एक्सेलमधील नेहमीच्या रंगसंचात मूळ रंग सहाच असतात. सातव्या रेषेपासून त्याच रंगांच्या गडद वा फिकट छटा वापरल्या जातात. त्यामुळे दुकानाच्या आलेखात कुंदा निळा आणि तूप गडद निळे झाले होते, आणि ही दोन नावे सूचीत एकमेकांपासून बरीच लांब होती. वाचणाऱ्याने रेषा पाहायची, मग सूचीत नाव शोधायचे, परत रेषेकडे यायचे, आणि तोपर्यंत ती रेषा दुसऱ्या दोन रेषांना ओलांडून गेलेली असते. हाच कागद झेरॉक्स होऊन कोठीघरात लागला, तर रंगांचा प्रश्नच मिटतो, कारण सगळ्या रेषा करड्याच दिसतात.

दुसरी अडचण उंचीची आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या दुकानात दही महिन्याला दोन हजार ते तीन हजार किलो जाते, तर लोणी शंभर किलोच्या आसपास. दह्यासाठी उभा अक्ष शून्य ते तीन हजार ठेवावा लागतो. आलेखाची उंची बारा सेंटिमीटर धरली तर एका सेंटिमीटरमध्ये अडीचशे किलो बसतात. चोवीस महिन्यांत लोण्याची विक्री १२८ किलोवरून ८२ किलोवर आली, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक घटली. पण कागदावर ती घट दोन मिलिमीटरही भरत नाही. मालकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अहो, लोणी तर रोज जातंय की!” रोज जातच होते, फक्त दरमहा थोडे कमी जात होते, आणि तळाशी चिकटलेल्या पाच रेषांच्या जुडीत ते कोणाला दिसणे शक्यच नव्हते.

प्रश्न : आपला आलेख फार गर्दीचा झाला आहे, हे कसे ओळखावे?

अंगठ्याने रंगसूची झाका आणि मधल्या उंचीची कोणतीही एक रेषा पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत बोटाने गिरवून पाहा. वाटेत दोनदा अडखळलात, तर आलेख निकामी आहे असे समजावे. रेषांची संख्या हा दुय्यम निकष आहे. एकमेकींपासून दूर राहणाऱ्या आठ रेषा सहज वाचता येतात, आणि एकाच पट्ट्यात फिरणाऱ्या चारही गुंता करतात. बारा रेषांच्या मिळून ६६ जोड्या होतात. त्यांतल्या किती जोड्या एकमेकींना छेदतात यावर सगळे अवलंबून आहे.

प्रश्न : मग प्रत्येक पदार्थाला चौकट दिली की काम झाले?

नाही. खरे काम तेथून सुरू होते, कारण आता उभ्या अक्षाचे माप ठरवावे लागते, आणि माझ्या अनुभवात दहापैकी आठ चुका याच एका जागी होतात. म्हणून हे उत्तर मुद्दाम लांबवले आहे.

पहिला पर्याय म्हणजे सर्व चौकटींना एकच माप. तत्त्वतः हाच सर्वांत प्रामाणिक पर्याय आहे, कारण एका चौकटीतील उंची दुसरीतील उंचीशी थेट ताडून पाहता येते. पण आपल्या उदाहरणात तो जसाच्या तसा लावला, तर परिस्थिती मोठ्या आलेखापेक्षाही बिघडते. चौकटीतील रेखाटनाची उंची चार सेंटिमीटर असेल आणि अक्ष शून्य ते तीन हजारच राहिला, तर लोण्याची ती ४६ किलोंची घट अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर भरते. अकरा चौकटींत तळाला टेकलेली जवळपास सपाट रेषा आणि बाराव्या चौकटीत ऐटीत बसलेले दही, असे ते चित्र होते. छोट्या आलेखांची मांडणी एकदा करून ज्यांनी सोडून दिली, त्यांतल्या बहुतेकांनी हेच चित्र पाहिलेले असते.

दुसरा पर्याय म्हणजे प्रत्येक चौकटीला तिचे स्वतःचे माप. यात प्रत्येक रेषा आपली चौकट पूर्ण भरते आणि आकार छान उठून दिसतात, पण सपाट गोष्टही डोंगरासारखी दिसू लागते. करदंटाची विक्री चोवीस महिन्यांत ५८ किलोवरून ७१ किलोवर गेली. संगणकाने त्या चौकटीचा अक्ष आपल्या मनाने ५५ ते ७५ असा घेतला, तर चार सेंटिमीटर उंचीत ही वाढ अडीच सेंटिमीटरहून जास्त चढते. शेजारच्या चौकटीत पेढ्यांची विक्री दिवाळीला दुपटीने वाढलेली असते आणि तिचा चढही तेवढाच दिसतो. हे चित्र पाहून मालकांनी गोकाकच्या व्यापाऱ्याकडे करदंटाची दुप्पट मागणी नोंदवण्याचा विचार बोलून दाखवला. महिन्याला तेरा किलो ही वाढ आहे, हे अक्षावरचे आकडे वाचून दाखवल्यावर तो विचार त्यांनी सोडला.

तिसरा पर्याय मी बहुधा वापरतो : पदार्थांचे विक्रीच्या प्रमाणानुसार गट करायचे, गटाच्या आत माप एकच ठेवायचे आणि प्रत्येक अक्ष शून्यापासून सुरू करायचा. येथे कुंदा, पेढे, बर्फी, खवा, पनीर, तूप, श्रीखंड आणि आम्रखंड हे आठ पदार्थ शून्य ते एक हजारमध्ये बसले. त्यांच्या चार-चार चौकटींच्या दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीत लोणी, बासुंदी आणि करदंट शून्य ते दीडशेच्या मापावर आले. या मापावर लोण्याची घट सव्वा सेंटिमीटर भरते, म्हणजे चालता चालता दिसते. आणि करदंटाची वाढ साडेतीन मिलिमीटर भरते, जेवढी ती वास्तविक आहे. दही एकटेच मोठे असल्यामुळे त्याची चौकट शेवटी ठेवली. माप बदलते तेथे पार्श्वभूमीला हलकी छटा दिली आणि ओळीच्या डावीकडे ‘येथून माप वेगळे’ असे लिहिले. ही ओळ न लिहिता गट करणे म्हणजे वाचणाऱ्याला फसवणेच होय.

प्रश्न : टक्केवारीत किंवा ‘पहिला महिना = १००’ असे करून सगळे एका मापावर आणता येणार नाही का?

येईल, पण पाया म्हणून कोणता महिना घेतला यावर सगळे चित्र पालटते. श्रीखंडाचेच पाहा. त्याची नेहमीची विक्री महिन्याला सुमारे ११० किलो आणि गुढीपाडव्याच्या महिन्यात, म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये, ६४० किलो. एप्रिल २०२३ पाया धरला तर एप्रिल २०२४ चा आकडा ५८२ होतो. एप्रिल २०२४ पाया धरला, तर त्यानंतरचे दहा महिने श्रीखंड बुडाल्यासारखे दिसते. म्हणून एका महिन्याऐवजी पहिल्या बारा महिन्यांची सरासरी १०० धरावी. तरीही किलो दिसेनासे होतात हा तोटा राहतोच, आणि दुकानदाराला शेवटी दूध किती आटवायचे हे किलोतच ठरवायचे असते. लॉगरिदमिक मापाचा अक्षही समान टक्क्यांचे चढ समान दाखवतो. पण दुकानात तो मी कधी नेत नाही, कारण १०, १००, १००० हे आकडे समान अंतरावर का आहेत हे समजावण्यातच चहा गार होतो.

प्रश्न : श्रीखंडाची विक्री एका आर्थिक वर्षात एकदम वाढलेली दिसली. छोट्या आलेखांनी त्याबद्दल काय सांगितले?

वार्षिक बेरजेत श्रीखंड १३२० किलोवरून २३५० किलोवर, म्हणजे पाऊणपट अधिक झालेले होते, आणि नवी चव आणल्याचा हा परिणाम आहे अशी सर्वांची समजूत होती. बारा रेषांच्या आलेखात श्रीखंडाची शिखरे पनीर आणि खव्याच्या रेषांमध्ये मिसळून गेली होती. स्वतंत्र चौकटीत मात्र जवळजवळ सपाट रेषेवर दोन उंच सुळके उभे दिसले आणि दोन्ही चौकटीच्या उजव्या अर्ध्यात होते.

कारण पंचांगात सापडले. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला. म्हणजे १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही, आणि त्यापुढच्या वर्षात तो दोनदा आला. सुळके वगळले तर उरलेली रेषा दोन्ही वर्षी ११० किलोच्या आसपासच होती. नव्या चवीचा परिणाम झाला असता तर ही खालची रेषा वर सरकली असती.

दिवाळीचेही असेच. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, तर २०२४ मध्ये दिवाळीची खरेदी मुख्यतः ऑक्टोबरच्या अखेरीस उरकली. कुंदा, पेढे आणि बर्फी या तीन चौकटी एकाखाली एक ठेवल्या की तिन्ही शिखरे एकदमच एक महिना डावीकडे सरकलेली दिसतात. तिन्ही एकत्र सरकली, म्हणजे कारण पदार्थात नसून तिथीत आहे. ‘नोव्हेंबरमध्ये कुंदा निम्म्यावर आला’ ही तक्रार त्याच बैठकीत मिटली.

प्रश्न : चौकटी कोणत्या क्रमाने लावाव्यात?

वर्णानुक्रमाने लावू नयेत. आपला संगणक मात्र सांगितले नाही तर तसेच करतो. मालकांचा प्रश्न ‘काय घटते आहे’ असा असेल तर गटाच्या आत सर्वाधिक घटलेला पदार्थ आधी ठेवावा. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, एका ओळीत शेजारी असलेल्या चौकटींचा उभा अक्ष समपातळीत येतो, त्यामुळे उंचीची तुलना सोपी जाते. एकाखाली एक असलेल्या चौकटींचे महिने एका रेषेत येतात, त्यामुळे वेळेची तुलना सोपी जाते. समान रेषेवरील स्थान डोळा सर्वांत अचूक ताडतो आणि तेच माप वेगळ्या जागी ठेवले की अचूकता थोडी घटते, हे विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅक्गिल यांनी १९८४ मध्ये मांडले होते. दिवाळीसाठी तीन चौकटी एकाखाली एक घेतल्या त्या याचसाठी.

प्रश्न : कागदावर किती चौकटी बसतात?

आडव्या ए-फोर कागदावर चार स्तंभ आणि तीन ओळी आरामात बसतात. प्रत्येक चौकट सुमारे साडेसहा सेंटिमीटर रुंद होते, आकड्यांची जागा सोडली तर प्रत्येक महिन्याला दोन मिलिमीटरहून थोडी अधिक जागा मिळते, आणि रेषेचा आकार कळायला तेवढी पुरते. वीसच्या पुढे गेल्यास दोन पाने करावीत. मोबाइलवर पाठवायचे असेल तर दोन स्तंभांहून अधिक ठेवू नयेत.

प्रश्न : प्रत्येक पदार्थ वेगळा केला की एकमेकांशी तुलना तुटते. त्यावर काही तोड आहे का?

आहे. प्रत्येक चौकटीत गटातील सर्व रेषा फिक्या करड्या रंगात मागे ठेवायच्या आणि त्या चौकटीचा पदार्थ तेवढा गडद रंगात काढायचा. गर्दीचा आलेखच आठ वेळा येतो, पण दर वेळी एकच रेषा पुढे येते आणि रंगसूची लागतच नाही. काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवरही हे टिकते. आर भाषेतील ggplot2 मध्ये यासाठी एक लहानशी युक्ती लागते : मागच्या रेषांच्या तक्त्यात पदार्थाच्या स्तंभाचे नाव बदलायचे, म्हणजे त्या रेषा चौकटींत वाटल्या न जाता प्रत्येक चौकटीत पूर्ण उमटतात.

```r
sarv <- dplyr::rename(vikri, vastu2 = vastu)

ggplot(vikri, aes(mahina, kilo)) +
  geom_line(data = sarv, aes(group = vastu2), colour = "grey80") +
  geom_line(colour = "firebrick") +
  facet_wrap(~ vastu, ncol = 4)
```

येथे `vikri` मध्ये एकाच गटाचे पदार्थ असावेत. स्तंभाचे नाव न बदलता मागच्या रेषांसाठी `data = vikri` आणि `group = vastu` असेच लिहिलेत तर करड्या रेषा दिसतच नाहीत, कारण प्रत्येक चौकटीत तिचीच रेषा करड्या रंगात निघते आणि लाल रेषेखाली झाकली जाते.

प्रश्न : आमच्याकडे फक्त एक्सेल आहे. त्यात हे कसे करावे?

एका पदार्थाचा आलेख नीट तयार करावा, उभ्या अक्षाच्या `Format Axis` मध्ये `Bounds` चे किमान आणि कमाल आकडे स्वतः टाइप करावेत, आणि मगच त्या आलेखाच्या प्रती काढून प्रत्येकीची विदा बदलावी. आकडे टाइप केले नाहीत, तर एक्सेल प्रत्येक प्रतीचे माप गुपचूप बदलते आणि करदंटाचा डोंगर परत उभा राहतो. छपाईपूर्वी प्रत्येक चौकटीच्या अक्षावरचा सर्वांत वरचा आकडा तेवढा वाचत जावा. गटात एखादा जरी वेगळा निघाला तर चूक सापडली. रकान्यात मावणाऱ्या स्पार्कलाइनलाही हेच लागू आहे : तिचे माप मुळात प्रत्येक ओळीला वेगळे असते, आणि `Axis` मध्ये किमान व कमाल दोन्हींसाठी `Same for All Sparklines` निवडावे लागते.

प्रश्न : आम्रखंड वर्षातून चारच महिने असते. उरलेले महिने शून्य दाखवावेत का?

पदार्थ विक्रीला होता आणि गेला नाही, तर शून्य. विक्रीलाच नव्हता, तर रकाना रिकामा ठेवावा आणि रेषा तुटू द्यावी. एक्सेलमध्ये `Hidden and Empty Cells` येथे `Gaps` निवडले की तसे होते. तेथे `Connect data points with line` निवडल्यास जूनपासून पुढच्या मार्चपर्यंत एक तिरकी रेषा ओढली जाते आणि ऐन पावसाळ्यात आम्रखंड विकल्याचा देखावा तयार होतो.

प्रश्न : दुकानात काही जण मराठी वाचतात, काही कन्नड. नावे कशी लिहावीत?

यासाठी चौकटींची मांडणी फार सोयीची आहे. नाव चौकटीच्या माथ्यावर असल्यामुळे दोन्ही लिपींत एकाखाली एक लिहिता येते. बारा ओळींच्या रंगसूचीत ते दाटीवाटीचे होते. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये मात्र नेहमीच्या फाँटमध्ये देवनागरी नसल्याने नावांच्या जागी रिकामे चौकोन येतात. फाँट बदलूनही जोडाक्षरे तुटलेली दिसली, तर नावे आलेखात न छापता नंतर वर्डमध्ये चढवावीत.

प्रश्न : मग गर्दीचा रेषालेख कधीच वापरू नये का?

वापरावा, पण रेषा कमी करून आणि प्रश्न ‘कोण कोणाच्या वर, आणि कोणत्या महिन्यात’ असा असेल तेव्हा. मे महिन्यात आम्रखंड श्रीखंडाच्या पुढे गेले का, हे दोन चौकटींत पाहणे म्हणजे दोन खिडक्यांतून एकच मिरवणूक पाहणे; एका आलेखात दोन रेषा काढल्या की छेदाचा बिंदू तत्काळ सापडतो. जावेद, मॅकडोनेल आणि एल्मक्विस्ट यांनी २०१० मध्ये केलेल्या प्रयोगांचा निष्कर्षही याच दिशेचा आहे : जवळजवळच्या बिंदूंची तुलना करायची असेल तेव्हा एकाच जागेतील रेषा सरस ठरतात, आणि कालावधीभर पसरलेली तुलना करायची असेल तेव्हा वेगळ्या चौकटी.

आमच्या त्या दुकानात आता भिंतीवर बारा चौकटींचा कागद असतो आणि मालकांच्या गल्ल्यापाशी दोन रेषांचा एक लहान आलेख असतो. त्या दोन रेषा कोणत्या, हे दर तिमाहीला भिंतीवरचा कागद पाहून ठरते. सध्या लोणी आणि तूप आहेत, कारण लोणी घटले ते लोक तूप नेऊ लागले म्हणून, की सायच कमी पडते म्हणून, यावर मालकांचा आणि कोठीवाल्यांचा वाद अजून चालू आहे.